फोंड्याच्या शेडमध्ये माल उतरवून लगेच पुढे पाठवणं : कधी जमतं, कधी अंगाशी येतं

प्रश्न : आमचं बेतोड्याला वितरणाचं काम आहे. बिस्किटं, साबण, मसाले, थोडं दूध-दही. माल बेळगावहून येतो, गोदामात उतरतो आणि दोन-तीन दिवसांनी दुकानांना जातो. गोदामाचं भाडं वाढतंय. क्रॉस-डॉकिंग, म्हणजे माल साठवून न ठेवता उतरवून लगेच पुढे पाठवणं, केलं तर गोदामच लागणार नाही, असं एकजण सांगत होता. खरंच होतं का तसं? आणि कधी?

उत्तर :

होतं, पण सगळ्या मालाचं नाही, आणि गोदाम पूर्ण सुटेल ही आशा सोडा. ते लहान होईल. तुमच्या यादीतला साधारण निम्मा माल या पद्धतीने जाऊ शकेल असा माझा अंदाज आहे. नक्की किती, ते एका गोष्टीवर ठरेल: बेळगावहून गाडी सुटण्याआधी तिच्यातला प्रत्येक बॉक्स कुठल्या लाईनला जाणार हे तुम्हाला ठाऊक असतं का? असेल तर बॉक्स गाडीतून उतरून सरळ पिकअपकडे जातो. नसेल तर तो जमिनीवर बसून राहतो, कारण त्याचं काय करायचं हे कुणालाच माहीत नसतं. मग रॅक नसलेलं गोदाम तयार होतं, आणि ते आताच्या गोदामापेक्षा वाईट.

म्हणून सुरुवात शेडपासून करू नका, ऑर्डरपासून करा. आज तुमचा सेल्समन संध्याकाळी सातला ऑर्डर आणून देतो, ती दुसऱ्या दिवशी भरली जाते, आणि कंपनीला तुमची मागणी गोदामात काय संपलं ते बघून जाते. या दोन ऑर्डरींचा एकमेकींशी संबंधच नाही. क्रॉस-डॉकिंगमध्ये दुकानाची ऑर्डर हीच तुमची बेळगावला जाणारी ऑर्डर असते. दुपारी चारपर्यंत म्हापसा, पणजी, वास्को आणि मडगाव-काणकोण या चारही लाईनींच्या ऑर्डरी बंद झाल्या पाहिजेत. चारनंतर आलेली ऑर्डर परवाच्या गाडीत. हे कटाक्षाने पाळावं लागतं. जुन्या गिऱ्हाइकासाठी रोज एक-दोन अपवाद करत गेलात तर महिन्याभरात चारचे सात होतात आणि आपण पुन्हा जुन्या पद्धतीवर येतो.

आता एक रात्र धरून हिशेब करू. आकडे मी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा एका आयशरमध्ये ५६० बॉक्स आहेत, सरासरी आठ किलोचे, म्हणजे साडेचार टनांच्या आसपास. पुढे चार पिकअप, प्रत्येकी १४० बॉक्स, अकराशे किलोच्या वर थोडे. चारला ऑर्डर बंद, बेळगावला पाच ते आठ माल काढणं, दहाला गाडी सुटते. खानापूर, लोंढा, अनमोड घाट, मोले असं करत भरलेली गाडी फोंड्याला रात्री दोन-तीनच्या सुमारास पोचते. तीन धरू. दोन हमाल गाडीत, दोन खाली, एकजण मोजणीला. मोजत-तपासत तासाला तीनशे बॉक्स उतरले तर उतराईला दोन तासांपेक्षा थोडा कमी वेळ लागतो. चारला सुरू केलं तर सहाच्या आत संपतं आणि सव्वासहाला पिकअप सुटू शकतात.

सव्वासहाच का, ते गोव्यात काम करणाऱ्याला सांगायला नको. आपली दुकानं सकाळी साडेआठ-नऊला उघडतात आणि दुपारी एकला शटर ओढलं की चारच्या आसपास पुन्हा उघडतात. माल द्यायचा वेळ खरा म्हणजे नऊ ते एक. काणकोणच्या लाईनला निघालेला पिकअप मडगावात चार दुकानं करून पुढे जातो. तो साडेआठला फोंड्याहून हलला तर शेवटची पाच-सहा दुकानं बंद शटरवर जातात, आणि ड्रायव्हर तीन तास रस्त्याकडेला बसतो किंवा माल परत आणतो. परत आलेला माल ठेवायला जागा हवी. म्हणजे पुन्हा गोदाम. मुंबईत दोन तासांचा उशीर तितका लागत नाही, इथे सकाळच हातची जाते.

म्हणून तुमच्या हातात असलेला खरा साठा मालाचा नसतो, वेळेचा असतो. वरच्या हिशेबात गाडी तीनला आली तर सव्वासहापर्यंत सव्वातीन तास मिळतात. त्यातले दोन उतराईचे. उरतो सव्वा तास. गाडी सव्वाचारपर्यंत आली तरी चालेल, साडेचारला आली तर एखादी लाईन उशिरा जाणार. आताची पद्धत न बदलता एक महिना फक्त एका वहीत गाडी शेडवर आल्याची वेळ लिहा, ड्रायव्हरने सांगितलेली नव्हे, घड्याळात पाहून. दहापैकी एकापेक्षा जास्त वेळा गाडी त्या सव्वा तासाच्या बाहेर जात असेल, तर आधी बेळगावहून निघायची वेळ दहाऐवजी नऊवर आणा. ते जमत नसेल तर सुरुवात करू नका. हे सव्वा तास आणि दहापैकी एक माझ्या अनुभवातले आहेत, कुठला नियम नाही. पण त्यापेक्षा सैल हिशेबावर टिकलेलं काम मी पाहिलेलं नाही.

याच ठिकाणी बहुतेकांचं गणित चुकतं. बेळगावची गाडी, कोल्हापूरहून दुसऱ्या कंपनीची, आणि स्थानिक कारखान्याचा टेंपो असे तिघे एकत्र येऊन एका पिकअपमध्ये माल भरायचा असेल, तर पिकअप सर्वांत उशिरा येणाऱ्यासाठी थांबतो. प्रत्येक गाडी दहापैकी नऊ वेळा वेळेवर आली तरी दोन गाड्या एकदम वेळेवर यायची शक्यता ८१ टक्केच असते, आणि तिघी एकदम यायची ७३. म्हणजे आठवड्यात सरासरी दीड-दोन दिवस कुणी ना कुणी उशिरा. यावर एकच उपाय मला माहीत आहे: सव्वासहाला जे आलं आहे ते घेऊन पिकअप सुटतो. उरलेलं पुढच्या फेरीला. नाहीतर एका कोल्हापूरच्या गाडीपायी चारही लाईनींची सकाळ जाते. सुरुवात एकाच गाडीने करा, दुसरी चार-सहा महिन्यांनी जोडा.

आता शेडच्या आत. गोदामात एका बॉक्सला चारदा हात लागतो: उतरवला, रचला, काढला, भरला. क्रॉस-डॉकिंगमध्ये दोनदा लागायला हवा: उतरवून लाईनच्या पट्ट्यात ठेवला, तिथून पिकअपमध्ये. तुमच्या नकळत तो चारवर जातो, जर गाडीत माल सरमिसळ भरलेला असेल. चारही लाईनींचा माल एकमेकांत मिसळून आला की हमाल प्रत्येक बॉक्स हातात घेऊन यादी विचारतो, मग ठेवतो, मग चुकीच्या पट्ट्यातून हलवतो. बेळगावच्या डेपोकडून दोनच गोष्टी मागा. पहिली, बॉक्सवर लाईनचा रंगीत स्टिकर: म्हापसा लाल, पणजी निळा, वास्को पिवळा, मडगाव-काणकोण हिरवा. मग वाचायची गरज उरत नाही. दुसरी, गाडी लाईनवार भरणं आणि दोन लाईनींच्या मध्ये एक ताडपत्रीचा तुकडा. जी लाईन सर्वांत आधी सुटायची तिचा माल दरवाजाजवळ, म्हणजे काणकोणचा माल शेवटी भरायचा. डेपोला यात अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, आणि ते कुरकूर करतात. तो वेळ ते पैशात मागत असतील तर द्या. तुमच्याकडे पाच माणसांचा एक तास वाचतो.

स्टिकर बॉक्सच्या वर लावू नका. वर लावला की थर रचताच तो झाकला जातो. बाजूवर, वरच्या कोपऱ्याजवळ लावा, म्हणजे थर रचल्यावरही तो दिसतो. पावसाळ्यात कागदी स्टिकर ओलसर पुठ्ठ्यावरून सुटतात. जून ते सप्टेंबर खडूने किंवा मार्करने लाईनचं अक्षरही लिहून घ्या.

जागा तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी लागते. ४० बाय ३० सेंटीमीटरचा बॉक्स पाच थर रचला तर ५६० बॉक्सना ११२ चळती लागतात, म्हणजे साडेतेरा चौरस मीटर, दीडशे चौरस फुटांपेक्षा कमीच. माणसं फिरायला, मोजायला, दोन पट्ट्यांत अंतर ठेवायला तिप्पट धरा, साडेचारशे चौरस फूट. जमिनीवर रंगाने चार पट्टे आखा. आयशर एका बाजूने लागावी आणि पिकअप समोरच्या बाजूने, म्हणजे माल एकाच दिशेने वाहतो. एकच दरवाजा असेल तर आयशर रिकामी होऊन निघाल्याशिवाय पिकअप लागत नाही, आणि तिथे तुमचा सव्वा तास संपतो. भाड्याची जागा बघताना चौरस फुटांपेक्षा दरवाजे मोजा. पावसाळ्यात पुढे रुंद छत हवं, आणि पाचऐवजी तीनच थर, कारण दमट हवेत पुठ्ठ्याचा ताठपणा बराच कमी होतो आणि खालचे बॉक्स दबतात. तेव्हा जागा जवळपास दुपटीकडे जाते, तेवढी धरून ठेवा.

तुटीचं काय करायचं, हे आधीच ठरवावं लागतं. पहाटे साडेपाचला मोजणीत बिस्किटाचे १२ बॉक्स कमी निघाले. जुन्या पद्धतीत ते गोदामातून काढून दिले असते, आता मागे काहीच नाही. बहुतेक ठिकाणी मग सर्वांत जास्त फोन करणाऱ्याला माल मिळतो. सगळ्यांना सारखं थोडं थोडं कापणंही बरोबर नाही, कारण त्याने चारही लाईनींची सगळी दुकानं नाराज होतात. ज्या लाईनला पुढची गाडी लवकर जाणार आहे तिथून कापा. पणजीला रोज पिकअप जातो, तिथे उद्या भरून देता येतं. काणकोणच्या आतल्या दुकानांना आठवड्यातून दोनदा जात असाल तर त्यांचा माल पुरा गेलाच पाहिजे. हा नियम कागदावर लिहून शेडमध्ये लावा, म्हणजे पहाटे निर्णय सुपरवायझरच्या मर्जीवर राहत नाही. बिलंसुद्धा आदल्या रात्री तयार ठेवा, पण छापू नका. मोजणी झाली, तूट घातली, मग छापा. आधी छापलेली बिलं दुरुस्त करत बसलात तर क्रेडिट नोटांचा ढीग होतो, आणि महिनाअखेरीला जीएसटीचा हिशेब जुळवताना त्रास होतो.

बेळगावहून येणारा माल राज्याबाहेरचा आहे, तेव्हा पन्नास हजारांच्या वर ई-वे बिल लागतं आणि साधारण दोनशे किलोमीटरला एक दिवस मुदत असते. तुमचं अंतर त्याच्या आतलं आहे, पण घाटात गाडी अडकली तर मुदत वाढवावी लागते, आणि ती संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवता येते. रात्री कोण जागा असणार, हे ठरवून ठेवा. माल तुमच्या नावावर येऊन तुमच्या बिलाने पुढे जात असेल तर पुढचा कागद वेगळा. पण कंपनीने सरळ दुकानाच्या नावाने बिल केलं असेल आणि तुम्ही फक्त वाहतूकदार असाल, तर आयशरमधून पिकअपमध्ये माल बदलताना त्याच ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये गाडी नंबर बदलावा लागतो. या दोनपैकी तुमचा प्रकार कुठला, ते सीएशी बोलून पक्कं करा.

कुठला माल यात जातो? रोज जवळपास ठरलेला खप असलेला आणि पूर्ण बॉक्समध्ये जाणारा. साबण, बिस्किटं, खाद्यतेलाचे डबे. दूध-दही आणि पनीरसारखा लवकर खराब होणारा माल सर्वांत योग्य, कारण त्याचा साठा करायचाच नसतो. मात्र त्याला थंडी तुटू न देणारी गाडी हवी आणि उतराईला बंद, सावलीची जागा हवी. मे महिन्यात शेडमध्ये उघड्यावर अर्धा तास गेला तरी दह्याचं आयुष्य कमी होतं. मसाल्यांसारखा माल, ज्याची दुकानदार अर्धा डझन पाकिटं मागतो, बॉक्स फोडून द्यावा लागतो. त्याला हे जमत नाही, तो रॅकवरच ठेवा. महिन्यातून दोनदा विकला जाणारा मालही. यादी काढून प्रत्येक मालापुढे दोनच प्रश्न लिहा: गेल्या सहा आठवड्यांत आठवड्याचा खप वरखाली किती झाला, आणि दुकानाला पूर्ण बॉक्स जातो का. दोन्हीची उत्तरं चांगली असतील तेवढाच माल घ्या.

आता पैशाची गोष्ट, कारण तुम्ही भाड्यामुळे विचार सुरू केला आहे. समजा रोज ५६० बॉक्स, तीन दिवसांचा साठा, बॉक्सची किंमत ९०० रुपये. म्हणजे पंधरा लाखांच्या वर माल अडकलेला. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याला पंधरा हजार. निम्मा माल क्रॉस-डॉकिंगला गेला तर साडेसात हजार वाचले. भाडं निम्मं झालं तर ते वेगळं. पण पिकअपकडे बघा. फेरीला अडीच हजार खर्च येत असेल, तर १४० बॉक्स भरले की बॉक्सला १८ रुपये पडतात, ९० भरले की २८. गाडी उशिरा आल्याने किंवा तूट निघाल्याने पिकअप ९० बॉक्सवर सुटायला लागले, तर ५६० बॉक्सना चारऐवजी सहा फेऱ्या आणि थोडं वर लागतं. दोन जादा फेऱ्या म्हणजे रोज पाच हजार, महिन्याच्या २६ दिवसांत एक लाख तीस हजार. भाड्याची सगळी बचत इथे पाण्यात जाते. म्हणून पिकअप किती भरून सुटला हा आकडा रोज लिहा, भाड्यापेक्षा तो महत्त्वाचा आहे. यावर उपाय म्हणजे साठ्यातला माल आणि क्रॉस-डॉकिंगचा माल एकाच पिकअपमध्ये भरणं. मसाले, अर्धवट बॉक्स वगैरे आदल्या संध्याकाळी पिकअपच्या पुढच्या भागात लावून ठेवा, पहाटे मागे ताजा माल. ड्रायव्हरला दुकानवार यादी लागते, कारण एका दुकानाचा माल दोन ठिकाणी असतो, पण पिकअप भरून निघतो.

पावसाळ्यासाठी वेगळा आराखडा ठेवा. अनमोड घाटात दरड येते, रस्ता खचतो, अवजड गाड्यांना बंदी येते. मग गाडी आंबोलीहून सावंतवाडी-बांदा करत किंवा कारवारवरून येते, आणि कित्येक तास वाढतात. तेव्हा सव्वा तासाचा हिशेबच निरर्थक होतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात क्रॉस-डॉकिंगच्या मालाचाही दोन दिवसांचा साठा गोदामात आणून ठेवा, आणि ऑक्टोबर उजाडला की तो संपवून पुन्हा सुरू करा. चवथीच्या आधीचे दहा-बारा दिवसही याच काळात येतात. दुकानदार नेहमीच्या दुप्पट-तिप्पट मागतात, बेळगावचा डेपो सगळ्या गोव्याला पुरवायला धडपडत असतो, तूट होणारच. त्या काळात साठा ठेवणाराच दुकानं भरून देऊ शकतो.

सुरुवात ऑक्टोबरमध्ये, एका लाईनने करा. पणजी घ्या, ती जवळची आहे आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी भरून निघतं. पंधरा ते वीस मालांपुरतं मर्यादित ठेवा, बाकी सगळं जुन्याच पद्धतीने चालू द्या. रोज सकाळी नऊला शेडमध्ये किती बॉक्स जमिनीवर उरले ते मोजा. पहिल्या दोन आठवड्यांत हा आकडा वरखाली होईल. तिसऱ्या आठवड्यातही रोज पाच टक्क्यांच्या वर राहिला, तर दोष बहुतेक दोनच ठिकाणी असतो: चारनंतर ऑर्डर घेतल्या जात आहेत किंवा डेपो लाईनवार भरत नाही. उरलेल्या बॉक्सवर कुठल्या लाईनचा स्टिकर आहे ते बघा. एकाच रंगाचे बॉक्स उरत असतील तर त्या लाईनची ऑर्डर उशिरा येते. सगळे रंग मिसळलेले असतील तर डेपोची भरणी बिघडलेली आहे.

आणि गोदामाचा करार या वर्षी मोडू नका. जमल्यास मालकाशी अर्ध्या जागेचा, अकरा महिन्यांचा करार करा, पण जून ते सप्टेंबर पूर्ण जागा वापरायला मिळेल अशी अट घालून. त्या चार महिन्यांचं भाडं जास्त द्यावं लागलं तरी द्या.